बेळगावच्या फौंड्रीसाठी जुना ट्रक: तीन गाड्या, दोन राज्ये आणि एक निवड

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2024 मधील असून बेळगाव तालुक्यातील दोन भावांचे आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून नावे व गाड्यांचे क्रमांक दिलेले नाहीत, आणि येथे त्यांना केवळ थोरले आणि धाकटे असे म्हटले आहे. मी बेळगावात मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे काम करतो, आणि दोघांनी पहिली गाडी पाहिल्यापासून शेवटचा कागद हाती येईपर्यंत मी या व्यवहारात त्यांच्यासोबत होतो.

भावांकडे सात वर्षे एक पिकअप होती. तीवर उद्यमबागेतील छोट्या कारखान्यांचा माल ते शहरातल्या शहरात पोहोचवत असत. त्यातील एका फौंड्रीने त्यांना नियमित काम देऊ केले. आठवड्यातून तीन फेऱ्या कास्टिंग घेऊन कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत जायचे, परत येताना भंगार किंवा पिग आयर्न आणायचे, आणि अधूनमधून हुबळी-धारवाडकडे एखादी खेप टाकायची, असे त्याचे स्वरूप होते. माल बहुतेक वेळा साडेनऊ टनांच्या आसपास असे, पण आठवड्यातील एक फेरी हमखास चौदा-साडेचौदा टनांची असे. नव्या ट्रकचा हप्ता या कामातून निघणार नव्हता, म्हणून जुना ट्रक घेण्याचे ठरले. त्यासाठी पंधरा लाखांपर्यंतची तयारी होती.

अडचण

भावांनी शोधाला सुरुवात केली ती किंमत आणि किलोमीटर या दोनच गोष्टींवरून. सीमाभागात जुन्या गाड्यांचा बाजार दोन राज्यांत पसरलेला आहे. कोल्हापूरच्या दलालाकडे एमएच-09 पासिंगच्या गाड्या असतात, तर बेळगाव, हुबळी, धारवाडकडे केए पासिंगच्या. दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे दलाल, ओळखीचे मिस्त्री आणि पाहुणे असल्यामुळे नंबरप्लेट कोणती, हा प्रश्न दुय्यम वाटतो. माझ्या मते याच प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी होती, आणि ती झाली नाही म्हणून पहिले दोन आठवडे वाया गेले.

समोर आलेल्या तीन गाड्या

पहिली गाडी 2014 ची सहाचाकी, एमएच-09 पासिंगची, लाकडी फळ्यांच्या हौद्याची होती. मागितलेली किंमत साडेसहा लाख होती. आरसीवर एकूण वजन 16,200 किलो आणि रिकामे वजन 6,100 किलो लिहिलेले होते.

दुसरी 2018 च्या डिसेंबरमध्ये नोंदलेली दहाचाकी, धारवाड जिल्ह्यातील मालकाची, उंच लोखंडी हौद्याची होती. घड्याळात 4,10,000 किलोमीटर होते. किंमत सव्वापंधरा लाख सांगितली गेली. आरसीवर एकूण वजन 28,000 किलो, रिकामे वजन 9,700 किलो होते.

तिसरी 2019 ची दहाचाकी, बेळगाव पासिंगची, सर्व बाजूंचे फाळके उघडणारी, नवा रंग दिलेली होती. घड्याळात केवळ 1,62,000 किलोमीटर आणि किंमत तेरा लाख. धाकट्यांचे मन या गाडीवर बसले होते, आणि कागदावर पाहिले तर त्यात काही चूक दिसत नव्हती.

पहिला निर्णय: परवाना आणि नंबरप्लेट

कोल्हापूरच्या दलालाने सहाचाकीबरोबर एक आमिष जोडले होते. शिरोलीत माल उतरवल्यावर बेळगावला लगेच परतण्याऐवजी महिन्यातून दोनदा कोल्हापूर ते पुणे असे भाडे तो देणार होता. भावांनी ते पैसे मनातल्या हिशोबात धरले होते.

येथे नॅशनल परमिटची एक अट आडवी येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नॅशनल परमिटची गाडी आपल्या राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेऊ शकते आणि तेथून आणू शकते, परंतु दुसऱ्या राज्याच्या आतल्या आत, म्हणजे त्याच राज्यात भरून त्याच राज्यात उतरवायचा माल ती नेऊ शकत नाही. केए पासिंगच्या गाडीला बेळगाव ते शिरोली आणि शिरोली ते बेळगाव मोकळे आहे, पण कोल्हापूर ते पुणे बंद आहे. एमएच पासिंगच्या गाडीला कोल्हापूर ते पुणे मोकळे आहे, पण उद्यमबाग ते हुबळी बंद आहे. परवान्याच्या अटी मोडून गाडी चालवल्यास कायद्याच्या कलम 192अ प्रमाणे कारवाई होते आणि दंड दहा हजारांचा असतो. ई-वे बिलावर माल कोठे भरला आणि कोठे उतरणार हे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे तपासणीत हे लपत नाही.

हे समजल्यावर थोरल्यांनी दुसरा मार्ग सुचवला. त्यांचे मामा चंदगड तालुक्यात राहतात. गाडी मामांच्या पत्त्यावर महाराष्ट्रात ठेवायची, म्हणजे पुण्याचे भाडे मिळेल आणि हुबळीचे कधीतरी सांभाळून घेता येईल, असा त्यांचा विचार होता. सीमाभागात हा विचार नवा नाही आणि तो करणारे अप्रामाणिक असतात असेही नाही, कारण ज्यांची निम्मी नाती पलीकडे आहेत त्यांना ती रेघ रोज जाणवत नाही. मामांनी मात्र स्वतःच नकार दिला. ते म्हणाले, "गाडी माझ्या दारात एक रात्र उभी राहणार नाही, मग कागदावर माझ्या दारात कशी दाखवू, बाबा? अपघात झाला तर विम्यावाले पहिल्यांदा हेच विचारतील." नोंदणी तेथेच होते जेथे मालक राहतो किंवा त्याचा धंदा असतो आणि गाडी नेहमी उभी असते, हे कलम 40 मध्ये लिहिलेलेच आहे.

मग आम्ही वर्षभराच्या अपेक्षित फेऱ्या कागदावर मांडल्या. शिरोलीच्या फेऱ्या दोन्ही नंबरप्लेटना सारख्याच होत्या. फरक होता तो पुण्याच्या चोवीस आणि हुबळी-धारवाडच्या साधारण तीस खेपांचा. हुबळीचे काम फौंड्रीचे स्वतःचे होते आणि ते नाकारले असते तर मूळ कामच दुसऱ्याकडे गेले असते. पुण्याचे काम दलालाच्या शब्दावर होते. त्यामुळे केए पासिंग ठरले.

एमएच-09 ची गाडी कर्नाटकात आणणेही शक्य होते. त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओतून ना-हरकत घ्यावी लागते, तेथील परवाना जमा करावा लागतो, येथे कर भरून नवा क्रमांक आणि नवा परवाना घ्यावा लागतो. पण सहाचाकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली. नॅशनल परमिटसाठी दोन ॲक्सलच्या गाडीला बारा वर्षांची आणि दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला पंधरा वर्षांची वयोमर्यादा आहे. 2014 ची सहाचाकी 2026 मध्ये या मर्यादेला पोहोचणार होती. त्यानंतर ती कर्नाटकाच्या आत चालली असती, पण निपाणी ओलांडून शिरोलीला नाही. साडेसहा लाखांत त्यांना प्रत्यक्षात दोन वर्षांचे काम मिळणार होते. 2018 च्या दहाचाकीला मात्र हीच मुभा 2033 पर्यंत आहे.

दुसरा निर्णय: ॲक्सल

सहाचाकी वयामुळे बाद झाली असली तरी एखादी अलीकडची सहाचाकी शोधावी का, हा प्रश्न उरला होता. थोरल्यांचे म्हणणे असे की नेहमीचा माल साडेनऊ टनांचाच आहे, मग चार टायर जास्त कशाला पोसायचे?

16,200 किलोच्या गाडीत रिकामे वजन वजा करता 10,100 किलो माल बसतो. 2018 च्या जुलैमध्ये ॲक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवण्यात आली, आणि त्यानुसार नोंदलेल्या दोन ॲक्सलच्या गाडीचे एकूण वजन 18,500 किलोपर्यंत जाते. तरीही तिच्यात बारा-साडेबारा टनांपेक्षा जास्त माल नेता येत नाही. आठवड्यातील साडेचौदा टनांच्या फेरीचे काय? ती एकतर दोनदा न्यावी लागली असती किंवा ओव्हरलोड. कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वाढतात, शिवाय जास्तीचा माल रस्त्यावर उतरवण्याचा खर्च मालकाचा असतो.

टोलचा फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या शुल्क नियमांत दोन ॲक्सलच्या ट्रकचा मूळ दर किलोमीटरला 2.20 रुपये आणि तीन ॲक्सलचा 2.40 रुपये धरलेला आहे. दर वर्षी वाढ होते, पण प्रमाण तेच राहते. म्हणजे हत्तरगी आणि कोगनोळी या दोन्ही नाक्यांवर दहाचाकीला सहाचाकीपेक्षा सुमारे नऊ टक्केच जास्त द्यावे लागतात. डिझेल आणि टायर यांचा फरक खरा आहे, आणि तो मान्य करूनच दहाचाकी ठरली.

पण दहाचाकी ही एकच जात नाही. दुसऱ्या गाडीच्या मागच्या दोन ॲक्सलपैकी एकच इंजिनाने फिरणारा होता आणि दुसरा लिफ्ट ॲक्सल होता, जो गाडी रिकामी असताना वर उचलता येतो. तिसऱ्या गाडीखाली मी वाकून पाहिले तेव्हा मागच्या दोन्ही ॲक्सलना डिफ्रन्शियल होते आणि दोघांच्या मध्ये प्रॉपेलर शाफ्ट होता. मागचे दोन्ही ॲक्सल ओढणारी अशी गाडी खाणीतील चिखलातून आणि चढातून भरलेला डंपर बाहेर काढण्यासाठी घेतात. महामार्गावर तिचे गिअर आखूड पडतात, इंजिन जास्त फेऱ्यांवर धावते आणि डिझेल जास्त लागते. या गाडीबद्दल पहिली शंका तेथे आली.

तिसरा निर्णय: हौदा

कास्टिंग हा जड पण जागा कमी व्यापणारा माल आहे. साडेनऊ टनांच्या पेट्या हौद्यात ठेवल्या तर अनेकदा फूट-दीड फुटापेक्षा वर जात नाहीत. त्यामुळे हौद्याची उंची निरर्थक ठरते आणि तळ महत्त्वाचा ठरतो. लाकडी फळ्यांवर पेटीचे चार पाय जेथे टेकतात तेथे फळी फुटते. जाळीदार नक्षीचा जाड पत्रा आणि त्याखाली जवळजवळ घेतलेले आडवे लोखंडी कैचे असतील तर वजन चॅसिसवर पसरते. फौंड्रीत पेट्या फोर्कलिफ्टने बाजूने चढवतात, म्हणून बाजूचे फाळके उघडणारे असावे लागतात.

दुसऱ्या गाडीचा तळ उत्तम होता, पण तिचे फाळके वेल्डिंगने बंद केलेले, पाच फूट उंच होते. आधीचा मालक त्यात मका आणि कांदा नेत असे. तिसरी गाडी या बाबतीत अगदी हवी तशी होती. पण आरसी उघडली तेव्हा त्यावर बॉडीचा प्रकार टिपर असा होता. म्हणजे डंपरचा हौदा आणि हायड्रॉलिक जॅक काढून त्यावर साधा हौदा बसवला होता आणि ही नोंद आरटीओत केलेली नव्हती. असा बदल कलम 52 खाली येतो आणि त्याला मंजुरी लागते. नोंद नसेल तर फिटनेसच्या वेळी गाडी अडते, आणि विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

चौथा निर्णय: इंजिनाचे तास

धाकट्यांचा युक्तिवाद मात्र कायम होता: आरसीची नोंद दुरुस्त करून घेता येईल, पण एक लाख बासष्ट हजार किलोमीटरची गाडी तेरा लाखांत पुन्हा मिळणार नाही.

या काळातल्या इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चालले, त्यातील किती तास गाडी उभी राहून चालले आणि एकूण किती डिझेल गेले, हे साठवलेले असते. घड्याळ बदलले तरी ही नोंद सहसा तशीच राहते. ऑटोनगरमधील एका मिस्त्रीने दोन्ही गाड्यांना स्कॅनर जोडून ती काढून दिली.

दुसऱ्या गाडीचे 11,600 तास निघाले. 4,10,000 किलोमीटरला 11,600 ने भागले की ताशी सुमारे 35 किलोमीटर येतात, जे महामार्गावर चालणाऱ्या मालगाडीला साजेसे आहे. डिझेल 1,04,000 लिटर होते, म्हणजे लिटरला चारच्या जवळपास.

तिसऱ्या गाडीचे 9,900 तास निघाले. 1,62,000 ला 9,900 ने भागले तर ताशी 16 किलोमीटर. एवढी कमी सरासरी दोनच कारणांनी येते: घड्याळ मागे फिरवलेले असते किंवा गाडी खरोखर उभी राहून चाललेली असते. यातील कोणते, हे डिझेलवरून कळते. 66,000 लिटर डिझेल गेले होते, म्हणजे लिटरला अडीच किलोमीटरच्या आत. डंपरला हे प्रमाण पटण्यासारखे आहे. घड्याळ फिरवलेले असते तर हा आकडा आणखी अशक्य वाटण्याइतका खाली आला असता. शिवाय 9,900 पैकी 4,300 तास गाडी जागेवर उभी असतानाचे होते. क्रशरवर रांगेत थांबणे आणि हौदा उचलताना जागेवर इंजिन चालवणे, यात ते गेले होते. म्हणजे विकणाऱ्याने किलोमीटर खोटे सांगितले नव्हते. किलोमीटरच या गाडीच्या झिजेचे माप नव्हते.

उभ्या गाडीत इंजिन पुरेसे तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, त्याचा थोडा भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो, ऑइल पातळ होते आणि रिंग व बेअरिंगची झीज वाढते. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल केल्यावर तिसऱ्या गाडीतून धूर दाबाने आणि ठोक्यांसह येत होता. दुसऱ्या गाडीत तो मंद, एकसारखा होता. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर तिसऱ्या गाडीचा निळसर धूर चार मिनिटे थांबला नाही. हे पाहिल्यावर धाकट्यांनी स्वतःच ती गाडी सोडली.

कृती

दुसऱ्या गाडीचा सौदा 14 लाख 40 हजारांत झाला. विकणाऱ्याने नॅशनल परमिट 2028 पर्यंत आहे असे सांगितले होते, आणि ते खरे होते. पण परवान्याची मुदत आणि त्यावरील वार्षिक ऑथरायझेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑथरायझेशन दोन महिन्यांत संपणार होते आणि त्याचे 16,500 रुपये पुढे भरायचे होते. ती रक्कम आणि गाडीवर पडून असलेली सात ई-चलने यांचा भार विकणाऱ्याने उचलला. फायनान्सचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर झाल्याशिवाय शेवटचे दोन लाख द्यायचे नाहीत, असे लिहून घेतले.

नाव बदलण्याच्या अर्जाबरोबर परवाना हस्तांतरणाचा अर्ज दिला. परवाना गाडीबरोबर आपोआप येत नाही; त्याला प्राधिकरणाची परवानगी लागते. ती येईपर्यंत 19 दिवस गाडी उभी राहिली. या काळात फौंड्रीचा माल भावांनी दुसऱ्याच्या गाडीने, पदरचे पैसे घालून पाठवला.

निष्पत्ती

पहिल्या सहा महिन्यांत शिरोलीच्या 71 फेऱ्या आणि हुबळी-धारवाडच्या 16 खेपा झाल्या. साडेचौदा टनांची फेरी एकदाही दोन भागांत करावी लागली नाही. हप्ता वेळेवर जात आहे.

दोन गोष्टी मात्र चुकल्या. फाळके कापून बिजागऱ्या लावण्याच्या कामाला आम्ही आठवडाभर धरला होता, पण बदलाची मंजुरी, काम आणि तपासणी यांत पाच आठवडे गेले. तोवर फौंड्रीला क्रेनने वरून माल भरावा लागला आणि त्यांची नाराजी सहन करावी लागली.

दुसरी चूक जास्त महागात पडली. तिसऱ्या महिन्यात लिफ्ट ॲक्सलचे चारही टायर आतल्या कडेला खाल्लेले दिसले. ॲक्सल चॅसिसला सरळ नव्हता. खरेदीआधी आम्ही गाडी तीस किलोमीटर चालवून पाहिली होती, पण रिकामी, म्हणजे लिफ्ट ॲक्सल वर उचललेला ठेवून. ज्या ॲक्सलची परीक्षा घ्यायची होती तोच रस्त्याला टेकला नव्हता. चार टायर आणि अलाइनमेंट मिळून 92 हजार गेले.

याच ॲक्सलबाबत आणखी एक सवय मोडावी लागली. साडेनऊ टनांत चालक टायर वाचवण्यासाठी लिफ्ट वर ठेवत असे. वजनकाट्यावर फक्त मागची चाके घेऊन पाहिले तर एकट्या ॲक्सलवर साडेबारा टन येत होते, आणि मर्यादा साडेअकरा टनांची आहे. गाडीचे एकूण वजन मर्यादेच्या कितीतरी आत असूनही तो ॲक्सल ओव्हरलोड होता.

पुन्हा करायचे झाल्यास

थोरले सध्या आणखी एका गाडीच्या विचारात आहेत, आणि या वेळी क्रम आम्ही बदलला आहे. दलालाला फोन करण्याआधी वर्षभराच्या खेपांची यादी, प्रत्येक खेपेत माल कोठे भरला आणि कोठे उतरला यासह, तयार आहे. गाडी पाहायला जाताना स्कॅनरवाला मिस्त्री पहिल्याच भेटीत सोबत असेल, कारण मागील वेळी त्याला शेवटी बोलावल्यामुळे मन आधीच एका गाडीवर बसले होते. चाचणी घेताना विकणाऱ्याच्या खर्चाने नव्हे, तर आपल्या खर्चाने दहा टन वाळू भरून, सगळी चाके रस्त्यावर टेकवून गाडी चालवायची आणि परत आल्यावर प्रत्येक टायरला हात लावून कोणता जास्त तापला आहे ते पाहायचे, असे धाकट्यांनी ठरवले आहे. त्यासाठी वाळू आणि हमाली धरून साडेपाच हजारांचा अंदाज त्यांनी काढून ठेवला आहे.